खरेदीखत हरवलंय? रजिस्टर ऑफिसातून नक्कल अशी काढा

कपाटं उपसून झाली, ट्रंक बघितली, काकांकडे विचारून झालं, तरी आजोबांचं खरेदीखत काही सापडत नाही. दस्त रजिस्टर्ड असेल तर त्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे (आपण रजिस्टर ऑफिस म्हणतो तेच) असते आणि तिची सही-शिक्क्याची नक्कल मिळते. अडतं ते दस्ताच्या नंबरावर. ऑफिसात गेलात की पहिला प्रश्न येतो, "दस्त नंबर काय, वर्ष कुठलं?" आणि तिथेच बरेच जण परत फिरतात, म्हणून आधी नंबर शोधायचं बघू.

समजा जमीन जुन्नर तालुक्यातली आहे आणि आजोबांनी १९८७ च्या सुमारास घेतली एवढंच घरात माहितीये. मग आधी सातबारा काढा. त्यावर गोलात फेरफार नंबर असतात, त्यातला सगळ्यात नवा बहुतेक वारस नोंदीचा असतो, तो आपल्या कामाचा नाही. मागे मागे जात आजोबांचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो धरा आणि त्याची नक्कल तलाठ्याकडून किंवा जुना असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून घ्या. त्या नोंदीत कुणाकडून, किती रकमेला, कुठल्या तारखेच्या खरेदीखताने घेतली हे लिहिलेलं असतं, आणि नशीब चांगलं असेल तर दस्त नंबरही. गावठाणातलं किंवा शहरातलं घर असेल तर हेच काम सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावरून होतं. फ्लॅट असेल तर सोसायटीची फाईल आणि कर्ज घेतलं असल्यास बँकेची फाईल, या दोन ठिकाणी झेरॉक्स निघतेच बघा.

फेरफारात फक्त तारीख मिळाली तर सर्च घ्यायचा. मुंबईचे साधारण १९८५ पासूनचे आणि बाकी महाराष्ट्राचे २००२ नंतरचे दस्त नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये सापडतात, गाव आणि गट नंबर टाकून. आपलं १९८७ चं, म्हणजे ऑफिसात अर्ज करून, वर्षाप्रमाणे फी भरून हाताने लिहिलेली सूची बघायची. सूची एक नावाने लागते, सूची दोन मिळकतीने.

इथे दोन गोष्टींनी माणूस हमखास फसतो. एक म्हणजे दस्तावर सह्या झाल्यावर नोंदणीला हजर करायला कायद्याने चार महिने असतात, त्यामुळे डिसेंबर १९८७ चं खरेदीखत १९८८ च्या सूचीत असू शकतं, पुढचं वर्षही बघाच. दुसरी म्हणजे एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तर त्याआधीचा दस्त जुन्या सर्व्हे नंबरावरच सापडणार, आजच्या गट नंबराने कितीही शोधा. तालुका नंतर फुटला असेल तर जुनी पुस्तकं मूळ तालुक्याच्या ऑफिसात आहेत का तेही विचारा.

नंबर हातात आला की बाकीचं सोपं आहे. दस्त ज्या ऑफिसात नोंदला तिथेच नकलेचा अर्ज द्या, त्यात दस्त नंबर, वर्ष, गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, देणार-घेणार यांची नावं लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडा आणि फी भरून पावती घ्याच, पावतीशिवाय पैसे देऊ नका. खरेदीखतासारखे जमिनीचे दस्त पुस्तक एकमध्ये असतात आणि नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे त्याची नक्कल कुणीही मागू शकतो, त्यामुळे "आजोबांना घेऊन या" किंवा "आधी पोलीस कम्प्लेंट आणा" असं कुणी म्हणालं तर हे कलम सांगा. मृत्युपत्राचं मात्र तसं नाही, करणारा हयात असेपर्यंत ते फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळतं.

नक्कल मिळाल्यावर काउंटरवरच तपासा. सगळी पानं आहेत का, चतुःसीमा वाचता येतेय का, दुय्यम निबंधकाची सही, गोल शिक्का आणि नक्कल करणार, वाचणार, रुजुवात घेणार यांच्या सह्या आहेत का. फार जुना दस्त असेल तर मजकूर मोडीत निघेल, मग मोडी वाचणारा गाठावा लागतो.

दस्तात काय लिहिलंय हे शाबित करायला कोर्टात ही नक्कल चालते. बँक आणि जमीन घेणारे मात्र अस्सल कुठेतरी गहाण तर नाही ना या शंकेने हरवल्याची पोलीस तक्रार, पेपरात जाहीर नोटीस आणि प्रतिज्ञापत्र मागतात. विकायचा किंवा कर्जाचा विचार असेल तर तो दस्त नंबर टाकून हे तिन्ही आत्ताच करून ठेवा, कारण नोटिशीची मुदत संपेपर्यंत व्यवहार अडकून राहतो.