मिठाचे पाणी आदर्श द्रावण आहे का? बाष्पदाबावरून कसे ठरवावे

पाण्यात मीठ किंवा साखर विरघळली की त्या पाण्याचा बाष्पदाब उतरतो. मीठ स्वतः वाफ होऊन उडत नाही, म्हणजे ते अबाष्पनशील द्राव्य. त्यामुळे द्रावणावरच्या बाष्पात फक्त पाणीच असते आणि मोजायचे तेही पाणीच. हा उतार आधी कागदावर काढायचा, मग प्रत्यक्ष मोजायचा आणि दोन्हींतला फरक वाचायचा. द्रावण ‘आदर्श’ आहे की नाही, म्हणजे ते कागदावरच्या हिशेबाप्रमाणेच वागते की नाही, ते त्या फरकातून कळते.

पायरी १: मोल मोजा, ग्रॅम नव्हे

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा-मारी राउल्ट याने १८८७ मध्ये मांडलेला नियम सोपा आहे. द्रावकाचा बाष्पदाब द्रावणातल्या त्याच्या मोल अपूर्णांकाच्या प्रमाणात असतो:

p = x₁ × p°

इथे p° हा शुद्ध द्रावकाचा बाष्पदाब आणि x₁ म्हणजे एकूण कणांमध्ये द्रावकाच्या कणांचा वाटा.

समजा १०० ग्रॅम पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर विरघळवली. साखरेचे मोलर वस्तुमान ३४२, म्हणजे साखर ०.१ मोल झाली. पाणी ५.५५ मोल. एकूण ५.६५ मोलमध्ये साखरेचा वाटा ०.०१७७. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब २३.७६ मिलिमीटर पारा असतो, तो १.७७ टक्क्यांनी, म्हणजे जेमतेम ०.४२ मिलिमीटरने उतरेल. पाण्याच्या एक तृतीयांश वजनाची साखर घालूनही एवढाच फरक! साखरेचा रेणू जड असल्याने त्या वजनात रेणू फार थोडे बसतात, आणि नियमाला वजनाशी देणेघेणे नसते.

पायरी २: कण किती सुटले ते बघा

मिठाचा हिशेब करताना हमखास चूक होते ती इथे. एका मोल मिठापासून पाण्यात सोडियमचे आणि क्लोराइडचे मिळून दोन मोल आयन सुटतात, तेव्हा मोल दुप्पट धरावे लागतात.

आता संपृक्त द्रावण घ्या. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. ३६ भागिले ५८.४४ म्हणजे ०.६१६ मोल मीठ, म्हणून १.२३ मोल आयन. पाणी पुन्हा ५.५५ मोल. पाण्याचा वाटा ५.५५ भागिले ६.७८, म्हणजे ०.८२. नियमानुसार या द्रावणाचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या ८२ टक्के असायला हवा. आयन वेगळे मोजायला विसरलात तर उत्तर ९० टक्के येईल.

पायरी ३: बंद बरणीत मोजा

बाष्पदाब मोजायला पाऱ्याची नळी लागत नाही. बंद जागेतली सापेक्ष आर्द्रता म्हणजे तिथल्या पाण्याच्या बाष्पदाबाचे शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाशी असलेले शेकडा प्रमाण. आपल्याला नेमके तेच हवे आहे, म्हणून साधा आर्द्रतामापक पुरतो.

एका वाटीत मीठ घेऊन त्यात थोडेच पाणी घाला. ओल्या वाळूसारखा लगदा झाला पाहिजे आणि तळाशी न विरघळलेले मीठ दिसत राहिले पाहिजे. वाटी आणि आर्द्रतामापक हवाबंद बरणीत ठेवा. मापकाला ओल लागू देऊ नका. बरणी रात्रभर तशीच राहू द्या आणि झाकण न उघडता, काचेतूनच आकडा वाचा.

मापक बरोबर असेल तर आकडा ७५ च्या आसपास थांबतो. काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांत २५ अंशांना ही किंमत ७५.३ टक्के येते. ती इतकी भरवशाची आहे की आर्द्रतामापक तपासायला हेच मिठाचे द्रावण वापरतात.

पण इथे एक पेच आहे. स्वस्त मापकाची चूक पाच टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि आपल्याला तर ७५ आणि ८२ मधला फरक ओळखायचा आहे. म्हणून तोच मापक आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर तपासा. तिथे ३३ टक्के यायला हवेत. पोटॅशियम सल्फेटवर सुमारे ९७. हे दोन आकडे नीट आले, तर मधला ७५ हा मापकाचा घोटाळा नाही.

तापमान सगळीकडे सारखे ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. या तापमानाला एका अंशाच्या फरकाने पाण्याचा बाष्पदाब सुमारे सहा टक्के बदलतो, म्हणजे आपण शोधतोय जवळजवळ तेवढाच! बरणीच्या भिंतीवर आतून थेंब दिसले तर भिंत द्रावणापेक्षा थंड आहे, तो आकडा टाकून द्या. बरणी जाड खोक्यात, उन्हापासून दूर ठेवली की बहुतेक वेळा भागते. आणि आकडा ७५ च्या वरच अडून बसला असेल तर आधी वाटीत बघा: सगळे मीठ विरघळून गेलेले असेल.

पायरी ४: फरक वाचा

हिशेब म्हणतो बाष्पदाब १८ टक्क्यांनी उतरेल, प्रत्यक्षात तो जवळपास २५ टक्क्यांनी उतरतो. आदर्श द्रावणात द्रावक-द्रावक, द्राव्य-द्राव्य आणि द्रावक-द्राव्य ही तिन्ही आकर्षणे सारखीच असतात असे गृहीत असते. तिथे बाष्पदाब उतरतो तो केवळ कणांच्या सरमिसळीमुळे. मिसळलेल्या अवस्थेत पाण्याला राहण्याच्या शक्यता वाढतात, म्हणून बाहेर पडण्याकडे त्याचा कल कमी होतो. ‘द्राव्याचे कण पृष्ठभागावरची जागा अडवतात’ हे नेहमीचे स्पष्टीकरण मला पटत नाही: जागा अडली तर पाण्याचे परत आत येणेही अडेल, मग समतोल का बदलावा?

दाट मिठाच्या पाण्यात सरमिसळीखेरीज आणखी काही घडते. आयन पाण्याचे रेणू भोवती घट्ट धरून ठेवतात आणि मोकळे पाणी कमी होते. जास्तीचा उतार मुख्यतः त्याचा.

पायरी ५: एका आकड्यावर थांबू नका

इथे मिठाचे पाणी चकवते. एक किलो पाण्यात एक मोल, म्हणजे ५८.४ ग्रॅम मीठ असेल तर नियम ३.५ टक्के उतार सांगतो आणि मोजला तर सुमारे ३.३ भरतो, म्हणजे थोडा कमीच. कारण विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढतात आणि पूर्ण सुटे असल्यासारखे वागत नाहीत. मीठ दोन मोल केले की नियमाचा आकडा ६.७ आणि मोजलेला ६.८! एवढेच मोजून कोणी थांबला तर मिठाचे पाणी आदर्श ठरवून मोकळा होईल. प्रत्यक्षात दोन उलट दिशांच्या चुका तिथे एकमेकींना झाकतात. (घरच्या मापकावर हे दोन आकडे पडताळू नका, ९० टक्क्यांच्या वर तो भरवशाचा राहत नाही.)

फार विरळ द्रावणही पुरावा म्हणून चालत नाही. द्रावण पुरेसे विरळ केले की कुठलाही द्रावक राउल्टच्या नियमाजवळ येतो, कारण त्याच्या जवळपास प्रत्येक रेणूच्या शेजारी त्याच्याच जातीचे रेणू असतात. आदर्शपणा तपासायचा तर विरळपासून दाटपर्यंत अनेक ठिकाणी मोजून सगळे बिंदू एका सरळ रेषेवर येतात का ते बघावे लागते. जोडीला थर्मामीटर ठेवा. आदर्श द्रावण होताना उष्णता शोषली जात नाही आणि बाहेरही पडत नाही. मीठ विरघळताना पाणी किंचित गार होते.

आदर्शाच्या जवळ जाणारी जोडी हवी असेल तर सारख्या स्वभावाचे रेणू घ्यावे लागतात, उदाहरणार्थ बेंझिनमध्ये नॅप्थलीन. बेंझिनच्या तुलनेत नॅप्थलीनचा स्वतःचा बाष्पदाब नगण्य आहे. २५ अंशांना बेंझिनचा बाष्पदाब सुमारे ९५ मिलिमीटर असतो. ७८ ग्रॅम बेंझिनमध्ये १२.८ ग्रॅम नॅप्थलीन घातले की बेंझिनचा वाटा ०.९०९ आणि बाष्पदाब सुमारे ८६.५ मिलिमीटर. हा हिशेब मात्र कागदावरच करा, बेंझिन कर्करोगकारक आहे.