आधी डोळा, मग बोट: स्त्रीरोग तपासणीचा क्रम

रावेरकडची, केळीच्या बागेत मजुरीला जाणारी चाळिशीची बाई ओपीडीत येते. सोबत सासू. तक्रार एकच: "अंगावर पांढरं जातं." शिकाऊ डॉक्टरने इथेच 'श्वेतप्रदर' लिहून मोकळं होऊ नये. सासूबाईंना प्रेमाने बाहेर बसवा, मग विचारा.

शेवटची पाळी कधी आली? तारीख आठवत नसेल तर सणावरून, "कानबाईच्या आधी की नंतर?" असं विचारा, आठवड्याचा अंदाज तरी येतो. पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस राहते, गाठी पडतात का, दिवसाला किती कपडे बदलावे लागतात, हे विचारून घ्या. पाळी चुकली असेल तर आधी लघवीची गर्भतपासणी. बाळंतपणं, गर्भपात, नसबंदी, औषधं यांची नोंद झाली की शेवटी हळू आवाजात विचारा, "ताई, मालकांशी संबंध आल्यावर रक्त दिसतं का?" आमच्या बाईने होकारार्थी मान हलवली आणि सगळी तपासणीच बदलली.

आता लघवी करून यायला सांगा. भरलेलं मूत्राशय पोटातल्या गाठीसारखं लागतं. काय करणार ते सांगून होकार घ्या, स्त्री परिचारिका जवळ असू द्या. आधी पोट, मग बाहेरचा भाग बघा आणि त्यानंतर स्पेक्युलम. कधीच संबंध न आलेल्या मुलीला ते लावायचं नाही.

कस्को स्पेक्युलम कोमट पाण्याने ओलं करा. स्मिअर घ्यायचा असेल तर जेली टाळा. पाती मिटलेली ठेवून, किंचित तिरकं धरून, खाली पाठीच्या दिशेने सरकवा. वरचा मूत्रमार्ग दबला की बाई कळवळते. पूर्ण आत गेल्यावर सरळ करून उघडा. गर्भाशयमुख दिसत नसेल तर जोर लावू नका, थोडं मागे घेऊन आणखी खालच्या दिशेने न्या. काढताना स्क्रू सैल करा, पण मुख पात्यांतून सुटेपर्यंत पाती मिटू नका, नाहीतर चिमटा बसतो.

शिकत असताना मी एकदा आधी बोटं घातली होती. जखम फुटली, मुख रक्तात बुडालं, आणि रक्त नेमकं कुठून येतंय ते दिसेना. म्हणून हा क्रम.

या बाईच्या मुखाच्या खालच्या ओठावर खडबडीत, स्पर्शाने रक्त येणारी वाढ दिसली. अशी वाढ डोळ्यांना दिसते तेव्हा स्मिअरवर विसंबू नये, बायोप्सीच हवी. स्मिअर नॉर्मल येऊनही कर्करोग असू शकतो.

मग दोन हातांची तपासणी. उजव्या हाताची दोन बोटं आत, डावा हात ओटीपोटावर. मुख मऊ की टणक, हलवल्यावर दुखतं का, ते बघा. पिशवी दोन्ही हातांमध्ये धरून तिचा आकार, कल आणि हालचाल जोखा, मग दोन्ही बाजूंना गाठ चाचपा. बीजांडं हाताला लागली नाहीत तर घाबरू नका, जाड पोटात बहुतेकदा लागतच नाहीत. पिशवीच्या बाजूचा पसारा मात्र योनीतून नीट कळत नाही. आमच्या बाईला पुन्हा विचारून गुदमार्गे बोट घातलं, तेव्हा डावी बाजू ताठ लागली.