प्रत्यंतर्दशेवरून महिना काढताना या चुका टाळा

कन्या लग्नाची एक पत्रिका घ्या. चंद्र स्वातीत, म्हणजे जन्म राहूच्या महादशेत. पुढे गुरूची महादशा आणि तिच्यात १० जानेवारी २०२५ पासून शुक्राची अंतर्दशा. विवाह कधी, हा प्रश्न. गुरू सप्तमेश, शुक्र द्वितीयेश आणि विवाहाचा कारक, तेव्हा काळ अनुकूल दिसतो. पण तो तब्बल २ वर्षं ८ महिन्यांचा.

इथे बरेच जण प्रत्यंतर्दशांचा क्रम गुरूपासून लावतात आणि पुढच्या सगळ्या तारखा चुकतात. क्रम अंतर्दशेच्या स्वामीपासून सुरू होतो. अंतर्दशेच्या कालावधीला ज्याची प्रत्यंतर्दशा काढायची त्या ग्रहाच्या महादशेच्या वर्षांनी गुणून १२० ने भागायचं. ३२ महिने गुणिले २०, भागिले १२० म्हणजे शुक्राचे ५ महिने १० दिवस. ते २० जूनला संपतात. मग रवीचे १ महिना १८ दिवस, ७ ऑगस्टपर्यंत. त्यानंतर लाभेश चंद्राचे २ महिने २० दिवस, २७ ऑक्टोबरपर्यंत. द्वितीय, सप्तम आणि लाभ या तिन्ही स्थानांचे स्वामी एकत्र आले, की लगेच "ऑगस्ट ते ऑक्टोबर" असं सांगून टाकलं जातं.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण जन्मवेळ किती खात्रीची आहे हे कुणी विचारतच नाही. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण २४ तास लागतात आणि तेवढ्यात राहूची १८ वर्षं सरतात. म्हणजे जन्मवेळेतल्या एका मिनिटाला दशेचे सुमारे साडेचार दिवस. घरच्यांनी "साडेसहाच्या सुमारास" सांगितलं असेल आणि खरी वेळ १५ मिनिटं पुढची असेल, तर सगळ्या दशा ६८ दिवस अलीकडे येतात. चंद्राची प्रत्यंतर्दशा मग ३१ मे ते २० ऑगस्ट होते. वेळ १५ मिनिटं मागची निघाली तर १४ ऑक्टोबर ते ३ जानेवारी. अशा पत्रिकेत महिना सांगणं धाडसाचंच. अंतर्दशेचा अर्धा भाग सांगून थांबावं.

ही चूक पकडता येते. पक्की तारीख माहीत असलेल्या दोन-तीन जुन्या घटना घ्या: नोकरी, घरबदल, शस्त्रक्रिया. प्रत्येक घटना अपेक्षित प्रत्यंतर्दशेच्या दोनेक महिने आधीच घडलेली दिसली, तर खरी जन्मवेळ नोंदीपेक्षा पुढची असावी. एकीत आधी आणि दुसरीत नंतर असं आलं, तर वेळेला दोष देऊ नका. निवडलेला ग्रहच तपासा. वर्ष ३६० दिवसांचं धरलंय की ३६५.२५ चं, तेही पाहा. वयाच्या तिशीपर्यंत या एका फरकाने साधारण १५७ दिवसांचं अंतर पडतं.

वेळ पक्की असली तरी गोचर उरतंच. चंद्राच्या त्या प्रत्यंतर्दशेत गुरू १८ ऑक्टोबरपर्यंत मिथुनेत होता. तिथून त्याची दृष्टी तुळेवर, म्हणजे द्वितीयावर आणि चंद्रावर पडते, पण सप्तमावर नाही. मीनेवरची दृष्टी कर्केतून मिळते, आणि तिथे तो २ जून २०२६ पासून ३१ ऑक्टोबरपर्यंत राहतो. त्याच काळात, १७ मे ते २५ सप्टेंबर, सप्तमेश गुरूचीच प्रत्यंतर्दशा आहे. मी या पत्रिकेला जून ते सप्टेंबर २०२६ सांगेन आणि चंद्राचा काळ बोलणी सुरू होण्यासाठी ठेवेन.