शॉर्टकट, रिपल ट्रिम आणि मार्कर : नवशिक्या संकलकांनी या चुका टाळाव्यात

शॉटकट हे मोफत संकलन सॉफ्टवेअर नव्याने शिकणाऱ्यांना सहसा माउसने काम करण्याची सवय लागते आणि त्यानंतर कीबोर्डकडे वळताना वेग वाढण्याऐवजी गोंधळच वाढतो. या गोंधळाची कारणे मोजकीच असून ती एकाच उदाहरणातून समजून घेता येतात. फोंडा तालुक्यातील एखाद्या गावात देवळाच्या उत्सवी नाटकांतून अनेक वर्षे भूमिका केलेल्या ज्येष्ठ नटाची मुलाखत फोनवर चित्रित केली आहे आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आहे, असे समजू. टाइमलाइनवर वरच्या V1 ट्रॅकवर चित्र आहे, खालच्या A1 ट्रॅकवर रेकॉर्डरचा आवाज आहे आणि दोन्ही नीट जुळवलेले आहेत. मुलाखतीत मधूनमधून घसा खाकरणे आहे आणि एकदा दारावरून पाव विकणारा पदेर भोंगा वाजवत गेल्यामुळे बोलणे थांबलेले आहे. हे भाग काढून टाकायचे आहेत.

शॉर्टकट चालत नसतील तर

बटण दाबूनही काही घडत नसेल, तर सॉफ्टवेअर बिघडले असे समजून ते पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करू नये. आपल्याकडे याचे नेहमीचे कारण साधे असते. नटाच्या नावाची पट्टी मराठीत टाइप करण्यासाठी कीबोर्ड देवनागरीवर नेलेला असतो आणि तो परत इंग्रजीवर आणायचा राहून जातो. मग S किंवा M दाबल्यावर सॉफ्टवेअरकडे भलतेच अक्षर जाते. विंडोजमध्ये Win+Space दाबून भाषा बदलावी. तरीही शॉर्टकट चालला नाही, तर कर्सर अजून पट्टीच्या मजकुराच्या चौकटीत आहे का ते पाहावे, कारण तसे असल्यास अक्षरे तिथेच उमटत राहतात. टाइमलाइनवर एकदा क्लिक केले की काम होते.

I आणि O या बटणांबाबतचा घोळ मात्र अधिक घातक असतो, कारण तिथे बटण चालते, पण नको तिथे चालते. प्लेअरमध्ये मूळ क्लिप उघडी असेल, तर I तिचा आरंभबिंदू ठरवतो. प्लेअर `Project` वर असेल, तर तेच बटण टाइमलाइनवरील क्लिपची सुरुवात छाटून टाकते. म्हणून हे बटण दाबण्यापूर्वी प्लेअरखाली `Source` निवडलेले आहे की `Project`, याकडे नजर टाकावी आणि कोणता ट्रॅक निवडलेला आहे हेही पाहावे.

तीन बटणांचे काम दोन बटणांत

भोंग्याचा भाग काढण्यासाठी नवशिके त्याच्या दोन्ही टोकांना S दाबून तुकडा करतात, मग तो तुकडा माउसने निवडून पुसतात. यात वेळ जातो आणि घाईत शेजारचा तुकडा निवडला गेला, तर बोलणेच उडते. त्याऐवजी मागे नेणारा J, थांबवणारा K आणि पुढे नेणारा L वापरून भोंग्याच्या सुरुवातीला यावे, डाव्या-उजव्या बाणांनी फ्रेम नेमकी करावी आणि S दाबावा. मग L ने पुढे जाऊन जिथे नट पुन्हा बोलू लागतो, त्याच्या दोन-तीन फ्रेम आधी थांबावे आणि Shift+I दाबावे. प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची उभी रेघ, आता दुसऱ्या तुकड्यावर असल्यामुळे त्या तुकड्याची नको असलेली सुरुवात निघून जाते आणि पुढचे सारे सरकून रिकामी जागा भरते. यालाच रिपल ट्रिम म्हणतात. तुकड्याच्या शेवटी रेंगाळलेली शांतता असेल, तर तिच्या सुरुवातीला उभे राहून Shift+O दाबावे. नुसता I किंवा O दाबला, तर तिथे पोकळी उरते आणि अंतिम व्हिडिओत पडदा काळा होतो.

ओठ आणि आवाज यांची फारकत

आता खरी चूक. वरील काम फक्त V1 वर झाले आणि `Ripple All Tracks` बंद असेल, तर चित्र डावीकडे सरकते, पण A1 जागचा हलत नाही. पहिल्यांदा घसा खाकरण्याच्या १२ फ्रेम काढल्या असतील, तर २५ फ्रेम प्रतिसेकंद या हिशेबाने त्यापुढील आवाज ०.४८ सेकंद मागे पडतो. एवढा फरक ओठांकडे पाहताना खटकतो, परंतु अनेक जण तो रेकॉर्डरचा दोष मानून पुढे जातात. त्यानंतर भोंग्याचे १४ सेकंद काढले की फरक १४.४८ सेकंदांवर जातो आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नटाचे उत्तर ऐकू येऊ लागते.

दोष कुठे आहे हे ओळखण्याची खूण अशी : आवाज पहिल्या कापापर्यंत बरोबर असून कापाच्या ठिकाणी एकदम सुटत असेल, तर कारण रिपल आहे. एकही काप नसलेल्या सलग भागात तो हळूहळू सरकत जात असेल, तर कारण वेगळे आहे. फोन अनेकदा बदलत्या फ्रेमरेटने चित्रण करतो आणि तशी फाइल आधी `Convert to Edit-friendly` वापरून बदलून घ्यावी लागते. या दोन रोगांवर एकच औषध चालत नाही.

काप घालण्यापूर्वीच Ctrl+Alt+R दाबून `Ripple All Tracks` सुरू करणे हा खरा उपाय. चूक नंतर लक्षात आली आणि प्रकल्प अजून उघडा असेल, तर `History` मध्ये जाऊन पहिल्या चुकीच्या कापाच्या आधीच्या पायरीवर परतावे. प्रकल्प बंद करून पुन्हा उघडला असेल, तर ती सोय उरत नाही. अशा वेळी `Ripple All Tracks` बंद ठेवून A1 वर त्याच जागी S दाबावा, टाइमलाइन मोठी करून फोनच्या आवाजाची आणि रेकॉर्डरच्या आवाजाची लहर एकाखाली एक पाहावी, आणि दोन्ही जुळतील इतका भाग Shift+I ने काढावा. ही दुरुस्ती डावीकडून उजवीकडे करावी, कारण पहिला काप दुरुस्त झाला की पुढचा सगळा फरक तेवढाच कमी होतो. उलट दिशेने निघाल्यास प्रत्येक ठिकाणी बेरीज मांडत बसावे लागते.

पार्श्वसंगीत मात्र सर्व काप संपल्यावरच टाकावे. सर्व ट्रॅकवर रिपल सुरू असताना संगीत आधीच टाकलेले असेल, तर चित्रातील प्रत्येक कापासोबत तेवढे संगीतही कापले जाते आणि पेटीचा सूर मध्येच तुटतो.

मार्कर जागेवर राहिले, प्रसंग सरकले

पहिल्यांदा मुलाखत पाहताना M दाबून खुणा करून ठेवणे चांगलेच, पण शॉटकटमधील मार्कर क्लिपला चिकटलेला नसून टाइमलाइनवरील वेळेला बांधलेला असतो. पहिल्या नाटकाच्या आठवणीवर १२:४० ला मार्कर आहे आणि त्याआधीचे दीड मिनिट काढले, तर ती आठवण ११:१० वर येते आणि मार्कर १२:४० वरच उभा राहतो. `Ripple Markers` आधीच सुरू केल्यास मार्करही सोबत सरकतात. ते विसरले असेल, तर शेवटाकडून सुरुवातीकडे काप घालत यावे. शेवटाकडचा भाग कापल्याने आधीच्या मार्करना धक्का लागत नाही. व्यक्तिशः मला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते, मात्र गोष्टीचा ओघ पाहत काम करणाऱ्यांना ती अवघड जाते.

यूट्यूबवर प्रकरणे दाखवायची असतील, तर `Markers as Chapters` वापरून यादी काढण्यापूर्वी प्रत्येक मार्करवर जाऊन तो योग्य वाक्यावर आहे ना ते ऐकून घ्यावे. यादीतील पहिली वेळ `00:00` असावी, किमान तीन प्रकरणे असावीत आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचे असावे. यातील एखादी अट चुकली, तर वर्णनात यादी नुसती मजकूर म्हणून दिसते आणि व्हिडिओची पट्टी अखंडच राहते.