कांद्याचं तेल, सीरम आणि सहा महिने: फरक पडतोय का, हे कसं ओळखायचं

बाटली उघडण्याआधी केस नेमके कसे जातायत ते बघा. टक्कल नाण्याएवढ्या गोल, गुळगुळीत चकत्यांनी पडत असेल तर ती चाई. भांग वर्षागणिक रुंद होत असेल किंवा कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत असतील तर ते आनुवंशिक विरळपण. सगळ्या डोक्यावरून मुठीमुठीने केस येत असतील तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा: मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, झपाट्याने उतरवलेलं वजन. चौथा प्रकार गळण्याचा नसून तुटण्याचा. पडलेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढरट बारीक गाठ दिसली तर तो मुळातून आलेला आहे. गाठ नसून केस आखूड असेल तर तो मधेच तुटलाय. पांढरी गाठ दिसली की ‘मूळच गेलं’ म्हणून लोक घाबरतात. ते चूक आहे. ती विश्रांतीला गेलेल्या केसाची गाठ असते, आणि नवा केस उगवणारा कोश त्वचेत जागेवरच असतो. रोज पन्नास ते शंभर केस असे जाणं नेहमीचं आहे.

हे चार प्रकार वेगळे काढायचं कारण असं, की कांद्याच्या बाजूने जो पुरावा सांगितला जातो तो यातल्या एकाच प्रकाराचा आहे. 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी चाईच्या रुग्णांवर प्रयोग केला. तेवीस जणांच्या चकत्यांवर दिवसातून दोनदा कच्च्या कांद्याचा रस लावला, पंधरा जणांना साधं पाणी. सहा आठवड्यांत रसाच्या गटातल्या वीस जणांना केस आले. पाण्याच्या गटात आठ आठवड्यांनीही दोघांनाच. आकडे चांगले आहेत, पण माणसं मोजकी होती, आणि कांद्याचा वास लपत नसल्याने कोणाला काय लावलंय हे उघडच होतं. शिवाय चाईच्या लहान चकत्या पुष्कळदा आपोआपही भरतात. तरी चाईपुरतं तिथे काहीतरी सापडलं असं म्हणायला जागा आहे. रुंद होणाऱ्या भांगाबद्दल त्या प्रयोगातून काहीच निघत नाही.

आणि बाटलीत तो रस नसतो. कांदा चिरल्याक्षणी त्यातलं एक विकर जागं होतं आणि डोळ्यांतून पाणी काढणारी गंधकाची तिखट द्रव्यं तयार होतात. ती उडून जाणारी आहेत. कांदा तेलात तळला की विकर उष्णतेने मरतं आणि तयार झालेली द्रव्यंही बरीचशी निघून जातात. घरी कढईत उकळलेलं ‘कांद्याचं तेल’ म्हणजे कांद्याच्या वासाचं खोबरेल. त्यात कांद्याचं पाणी राहिलं तर ते आठ-दहा दिवसांत खवट होतं किंवा बुरशी धरतं. विकतच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचा. ती जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. पहिल्या जागी लाइट लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असेल तर तुम्ही मुख्यतः तेच विकत घेताय. कांदा, म्हणजे ॲलियम सेपा, यादीच्या शेपटाशी असेल तर तो नावापुरता आहे. ‘कांद्याचं बी’ म्हणून नायजेला सटायवा लिहिलेलं असेल तर ती कलौंजी. आपल्याकडे तिला सर्रास कांद्याचं बी म्हणतात, पण ती वेगळीच वनस्पती आहे.

मग तेल लावूच नये का? तुटणाऱ्या केसांसाठी जरूर लावा, फक्त कांद्याच्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. 2003 साली मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनी मिनरल ऑइल आणि सूर्यफूल तेलाशी तुलना करून हे दाखवलं होतं. संशोधन कंपनीचंच होतं हे खरं, पण खोबरेल आत शिरतं हे नंतरच्या कामातही दिसलं. न्हाण्याआधी काही तास, केसांच्या लांबीवर लावायचं. कोंडा असेल तर टाळूवर तेल नको. कोंड्याची बुरशी त्या स्निग्धतेवरच वाढते.

पिवळसर खपल्या आणि खाज असेल तर आधी त्याचा उपचार. नवीन काहीही लावण्याआधी दोन दिवस कानामागे लावून बघा. कच्चा रस टाळू भाजल्यासारखी लाल करू शकतो. आग झाली की धुऊन टाका, ‘लागू पडतंय’ समजून सहन करू नका.

आता खरा अवघड टप्पा: फरक पडला की नाही हे ठरवणं. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण आरशातला अंदाज दिवसागणिक बदलतो. तेल लावलेले केस एकमेकांना चिकटतात आणि टाळू जास्त दिसते. शांपूनंतर कोरडे केस फुगतात आणि दाट वाटतात. जाहिरातीतला ‘आधी’ आणि ‘नंतर’चा फरक बरेचदा एवढाच असतो. म्हणून पहिल्या दिवशीच मोजमाप घ्या. ते घ्यायचं राहून गेलं तर सहा महिन्यांनी कोणतंही मत द्यायचा आधार उरत नाही.

फोटो केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी काढा, तेल न लावता, पूर्ण कोरडे असताना. त्याच खोलीत, त्याच ट्यूबलाइटखाली, खिडकी बंद करून. फोनचा फ्लॅश आणि चेहरा सुंदर करणारं फिल्टर बंद. फोटो दुसऱ्याने काढावा, हातभर अंतरावरून, झूम न करता. नाकाच्या रेषेत मधला भांग पाडा आणि तीन फोटो घ्या: कपाळाजवळ, मधे आणि भोवऱ्याजवळ. भांगाशेजारी शाळेची पट्टी धरा, म्हणजे रुंदी वाचता येईल. पुरुषांनी दोन्ही कोपऱ्यांचेही घ्यावेत. पुढचे फोटो महिन्याने, त्याच दिवसाच्या हिशोबाने. रोज काढू नका. रोजच्या फोटोत नजर हवं ते शोधते.

फोटोबरोबर गळणं मोजा. न्हाण्याआधी एका मिनिटाचं घड्याळ लावून, गडद केसांसाठी पांढरी उशीची खोळ पसरून, मागून पुढे विंचरा. खोळीवरचे आणि कंगव्यातले केस मोजा. लागोपाठ तीन न्हाण्यांचे आकडे लिहा आणि सरासरी काढा. निरोगी तरुण पुरुषांत हा आकडा दहाच्या आसपास येतो. लांब केसांच्या बायकांनी दुसऱ्याच्या आकड्याकडे बघूच नये. फक्त स्वतःच्या पहिल्या महिन्याशी तुलना करावी. दोन न्हाण्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी सारखं ठेवा. चार दिवसांनी धुतलं की साठलेले केस एकदम येतात आणि आकडा उगाच वाढतो.

एवढं केलं की श्रेय कोणाचं हेही कळतं. समजा एका बाईंना ऑगस्टच्या शेवटी डेंग्यू झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला केस मुठीने येऊ लागले. ऑक्टोबर गळण्याविना गेला म्हणून तापाशी संबंध कोणी जोडला नाही. पण तापात वाढ थांबवून विश्रांतीला गेलेले केस दोन-तीन महिन्यांनीच सुटतात. जानेवारीच्या मध्याला त्यांनी कांद्याचं तेल सुरू केलं. मार्चमध्ये गळणं थांबलं आणि कपाळावर बारीक नवे केस उभे राहिले. आता ते केस पट्टीने मोजा. चार सेंटिमीटर भरले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ते नोव्हेंबरच्या मध्याला उगवले होते. थोडे जलद वाढणारे धरले तरी डिसेंबरच्या सुरुवातीला. बाटली घरात आली तेव्हा ते केस टाळूवर होते. तेलाने काही बिघडवलं नाही, पण केस तेलाने आणले नाहीत. ओळखीपाळखीतल्या ‘मला तर फरक पडला’ या अनुभवांपैकी पुष्कळ असेच असतात; बोलणारा खोटं बोलत नसतो, तारखा जुळवलेल्या नसतात. अशी गळती साधारण सहा महिन्यांत आपली आपण ओसरते. ओसरली नाही तर हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड तपासा, नवी बाटली नको. आणि बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात.

सीरमचं तेच. रेडेन्सिल, प्रोकॅपिल, ॲनागेन ही घटक बनवणाऱ्या कंपन्यांनी दिलेली नावं आहेत आणि त्यांचे बहुतेक प्रयोगही त्याच कंपन्यांचे, लहान आणि थोड्या काळाचे आहेत. त्यावरून कोणाला केस येणारच नाहीत असं म्हणता येत नाही, येतील असं तर मुळीच नाही. रोझमेरी तेलाची 2015 साली इराणमध्ये मिनॉक्सिडिल या केस वाढवण्याच्या औषधाच्या दोन टक्के द्रावणाशी तुलना झाली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत थोडीशीच वाढ दिसली, आणि काहीच औषध नसलेला तिसरा गट ठेवलाच नव्हता. ‘मिनॉक्सिडिलइतकंच गुणकारी’ हे वाक्य तिथून आलं आहे.

आनुवंशिक विरळपणावर टाळूला लावायच्या औषधांत भक्कम आधार आहे तो मिनॉक्सिडिललाच. ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांना विचारून घ्या. गर्भार किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावू नये, आणि घरात मांजर असेल तर लावलेल्या जागेपासून तिला लांब ठेवा. तिच्यासाठी ते विष आहे. नेहमीचं प्रमाण पुरुषांना पाच टक्क्यांचं एक मिली दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. केसांवर नाही. खाज सुटली तर बहुधा द्रावणातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल कारण असतं. फेस स्वरूपातलं मागा.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत गळणं वाढू शकतं. विश्रांतीतले केस नव्या केसांना जागा देत सुटतात म्हणून हे होतं. बहुतेक लोक औषध नेमकं इथेच सोडतात. तिसऱ्या महिन्यात कंगव्याचा आकडा उतरतो, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत फोटोत फरक दिसू लागतो, वर्षाच्या आसपास तो कमाल गाठतो. गुळगुळीत झालेल्या जागी केस येतील अशी अपेक्षा ठेवू नका. बारीक झालेले केस जाड होणं आणि पुढचं विरळपण थांबणं हेच यश. बंद केलं की तीन ते सहा महिन्यांत मिळवलेलं जातं, तेव्हा वर्षानुवर्षे लावायची तयारी नसेल तर सुरूच करू नका.

तेल असो वा सीरम, सहाव्या महिन्याचे तीन फोटो पहिल्यांशेजारी ठेवा आणि कोणते कधीचे हे न सांगता घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. त्याला ‘नंतरचे’ ओळखता आले नाहीत आणि कंगव्याचा आकडाही तोच असेल, तर ती बाटली पुन्हा आणू नका. चाईच्या चकतीसाठी मात्र सहा महिने थांबायचं नाही. ती वाढत असेल किंवा भुवया-दाढीत उतरली असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.