कर्जाची फाईल करण्याआधी

घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी बँकेत जायचं असेल, तर तयारीला सहा-आठ महिने आधी लागा. पहिलं काम स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढण्याचं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पॅन आणि मोबाईल नंबर हाताशी ठेवून त्यांच्याच वेबसाईटवरून काढा. आपणच आपला रिपोर्ट पाहिला म्हणून स्कोअर कमी होत नाही.

स्कोअर म्हणजे ३०० ते ९०० मधला आकडा. घेतलेलं कर्ज आपण कसं फेडलं, यावरून तो निघतो. सातबारा किती मोठा, खात्यात किती शिल्लक, हे त्यात धरलेलं नसतं. म्हणून चांगली बाग असलेल्या माणसाचाही स्कोअर खाली असू शकतो. माझ्या तासगावच्या मावसभावाचा ६२८ होता.

त्याने दुचाकी कर्जावर घेतली होती, महिना ३,१५० चा हप्ता. बेदाण्याचे पैसे लांबले आणि शेवटचे दोन हप्ते थकले. दंड-व्याज धरून ८,४०० झाले. वसुलीवाल्याचा फोन आला, "दादा, पाच हजार भरा, विषय मिटवू." भावाने भरले आणि त्याच्या लेखी विषय मिटला. तीन वर्षांनी घराची फाईल परत आली, तेव्हा रिपोर्टमध्ये त्या कर्जापुढे ‘क्लोज्ड’ नव्हतं, ‘सेटल्ड’ होतं. म्हणजे देणं पूर्ण फिटलं नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीने ३,४०० सोडून दिले. नवीन कर्ज देणारा नेमकं हेच बघतो. सवलत मिळाल्याचा आनंद मी समजू शकते, पण ही सवलत किती महाग पडते हे फोनवर कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की आकड्यापेक्षा आधी प्रत्येक खात्याची स्थिती वाचा. खाली महिन्यांचे चौकोन असतात. ०००, म्हणजे हप्ता वेळेवर. ०६०, म्हणजे साठ दिवस उशीर. आपण न घेतलेलं कर्ज दिसतंय का, फेडलेलं अजून चालू दिसतंय का, तेही बघा. आपल्याकडे पाहुण्यांच्या कर्जाला जामीन म्हणून सही करायला कुणी नाही म्हणत नाही. ती कर्जंही तुमच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतात आणि त्यांची थकबाकी तुम्हाला भोवते.

‘सेटल्ड’ असेल तर भावाने केलं तसं करा. त्याने फोनवर न बोलता कंपनीला लेखी अर्ज दिला: उरलेली रक्कम किती ते कळवा, भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ करा. उत्तर लेखी आल्यावरच ३,४०० खात्यातून भरले, रोख नाही. मग बेबाकी दाखला घेतला आणि त्यावरचा कर्ज खाते क्रमांक रिपोर्टमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. हे विसरू नका, एक अंक चुकला तरी दाखल्याचा उपयोग नाही. महिन्याभराने पुन्हा रिपोर्ट काढला तर ‘सेटल्ड’ तसंच. मग सिबिलच्या साईटवर तक्रार टाकली, दाखला आणि भरणा पावती जोडून. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. तरीही कुणी दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. भावाचं काम तक्रारीवरच झालं.

खातं ‘क्लोज्ड’ झालं तरी उशिराचे ते चौकोन पुसले जात नाहीत. खरी घडलेली दिरंगाई पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. त्या चौकोनांवर नवे वेळेवरचे महिने साठत गेले, तरच स्कोअर चढतो.

त्यासाठी भावाने दोन गोष्टी केल्या. त्याच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा ४०,००० होती आणि ३६,००० कायम वापरलेले असायचे. ते हळूहळू १०,००० वर आणले. वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा, असा साधा हिशोब असतो. दुसरी गोष्ट, मालाचे पैसे आले की पुढच्या तीन हप्त्यांची रक्कम तो हप्त्याच्या खात्यात आधीच टाकून ठेवू लागला. ऊसबिलावर घर चालतं तिथे तर हे करायलाच हवं, कारण बिल पुढे-मागे होतं, हप्त्याची तारीख होत नाही.

या काळात चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका; अर्जामुळे बँकेने केलेली प्रत्येक चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. भावाने आठ महिने एकही अर्ज केला नाही. स्कोअर ७०४ झाल्यावर त्याने एकाच बँकेत फाईल दिली, आणि बेबाकी दाखल्याची झेरॉक्स सगळ्यात वर लावली.