काडी फुटते, पण मुळी धरत नाही: डाळिंबाच्या कलमांतल्या या चुका टाळा

साक्री परिसरातल्या एका छोट्या रोपवाटिकेत जानेवारीच्या मध्यात डाळिंबाच्या भगवा जातीच्या काड्या पिशव्यांत लावल्या होत्या. तीन आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांना लालसर पालवी फुटली, आणि रोपं तयार झाली असं समजून मालकाने शेतकऱ्यांकडून बुकिंगही घेतलं. फेब्रुवारी संपता संपता गरम वारा सुरू झाला तशी पालवी माना टाकू लागली आणि थोड्याच दिवसांत निम्म्याहून जास्त काड्या वाळल्या. उपटून पाहिल्या, तर बुडाशी पांढरट गाठ होती, मुळी एकही नव्हती.

डोळे फुटतात ते काडीत साठलेल्या अन्नावर, त्यासाठी मुळी लागत नाही. डाळिंबाच्या पक्व काडीला पालवी दोन-तीन आठवड्यांत येते, कामाच्या मुळ्या मात्र साधारण दीड ते दोन महिन्यांनी. या मधल्या काळात पानं पाणी उडवत असतात आणि खालून भरपाई शून्य असते. म्हणून पालवी पाहून बुकिंग घेऊ नका. काडी हलकेच ओढून पाहा, धरून बसली असेल तरच मुळी आहे.

त्या रोपवाटिकेत पाणी कमी पडलं, असं सगळ्यांना वाटलं. उलट पिशव्या रोज सकाळी पाइपने तुडुंब भरल्या जात होत्या. पश्चिमेची बाजू उघडी असल्याने दुपारची झळ थेट पालवीवर यायची. माती चिंब आणि हवा कोरडी, ही कलमांसाठी सर्वांत वाईट जोडी आहे. बुडाला हवा मिळत नाही म्हणून मुळी थांबते आणि वर पानं सुकतात. खान्देशात हवेचा ओलावा आपणच धरून ठेवावा लागतो. ५० टक्के शेडनेटखाली दोन-अडीच फूट उंच कमानी लावून वर प्लॅस्टिक टाका, वाऱ्याच्या बाजूला जाड नेट बांधा. पाणी पिशवीत ओतण्यापेक्षा दिवसातून चार-पाचदा बारीक तुषार मारा, पान ओलं होईल इतकाच. प्लॅस्टिकचा बोगदा उघड्या उन्हात मात्र कधीच करू नका. आत भट्टी होते आणि काड्या शिजतात. आत थर्मामीटर टांगा, पारा ३५ अंशांच्या वर चढू लागला की दोन्ही तोंडं उघडा. मुळ्या धरल्यावरही प्लॅस्टिक एकदम काढू नका. आठवडाभर रोज थोडं जास्त उघडत जा.

दुसरी चूक काडीची. झाडाच्या बुडाशी सरळसोट वाढलेले वॉटरशूट कापायला सोपे पडतात, पण ते कोवळे असतात आणि त्यांत अन्नसाठा कमी असतो. सहा महिने ते वर्षभराची, पेन्सिलीएवढी जाड, २० ते २५ सेंमी काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्या आणि वरचा तिरपा, म्हणजे घाईत काडी उलटी लागत नाही. तेल्या असलेल्या बागेतली काडी फुकट मिळाली तरी नको. तो रोग रोपाबरोबर शेतकऱ्याच्या शेतात जातो.

मुळी फुटावी म्हणून लावायच्या संजीवकाच्या बाबतीत बहुतेक जण आयबीएची पूड थेट पाण्यात ढवळतात. ती पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते. मग एका काडीला काहीच मिळत नाही आणि दुसरीला अतिमात्रा. १०० मिली द्रावणासाठी ०.२ ग्रॅम आयबीए आधी ५० मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून १०० मिली करा. हे झालं २००० पीपीएम. काडीचं बूड त्यात दोन-तीन सेंमी, फक्त पाच ते दहा सेकंद बुडवा. जास्त वेळ ठेवल्याने मुळ्या वाढत नाहीत, साल जळते. जळालेली काडी ओळखता येते: जितकी बुडवली तितकीच काळी आणि कोरडी, वर स्पष्ट रेघ. कूज असेल तर बूड मऊ लागतं, वास येतो आणि काळेपणा वेडावाकडा वर चढतो. पहिल्यात द्रावण तपासा, दुसऱ्यात निचरा.

कोरड्या हवेची एवढी कसरत जमणार नसेल, तर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे झाडावरच्या फांदीची साल काढून तिथे ओलं मॉस गुंडाळा आणि मुळ्या आल्यावर ती तोडा. फांदी झाडालाच असते, त्यामुळे तिला पाणी मिळत राहतं. इथे फसतं ते साल काढताना. अडीच-तीन सेंमीचं कडं काढल्यावर आतला बुळबुळीत थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळी येतच नाही. चाकूच्या पाठीने तो खरवडा, संजीवकाचा मलम कड्याच्या वरच्या कडेला लावा, आणि मॉस मुठीत दाबून पाणी टपकेनासं झाल्यावरच गुंडाळा. पारदर्शक प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसताच कापू नका, त्या तपकिरी होऊ द्या. मग कड्याच्या खाली निम्मी खाच द्या आणि आठवड्याने पूर्ण तोडा. पिशवीत लावताना निम्मी पानं काढून टाका.